तीळ जागेवर ठेवा

"माझा तीळ कुठाय?"

हे माझं त्याच्याशी पहिलं वाक्य. पुढे ज्याच्याशी आपलं जमायचं असतं त्याच्याशी काहीतरी बरं बोलायला हवं होतं, पण तेव्हा मला काय माहीत... मी लॅबच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला त्या स्टुडिओत शिरले होते, आणि पडद्यावर माझ्यासारखी दिसणारी एक गुळगुळीत बाई माझ्याकडे बघत होती. गालावर तीळ नाही, डोळ्यांखाली काही नाही, नाक बेतशीर.

"काढला," तो म्हणाला. अगदी शांतपणे, जणू कॉलरवरचा दोरा काढला.

"कोणाला विचारून?"

"विचारत नाही आम्ही... म्हणजे, सगळ्यांनाच आवडतं." त्यानं एका बटणाकडे बोट केलं. "स्टुडिओ माझ्या मामांचा, त्यांनी सेट केलंय. एकदा दाबलं की त्वचा मऊ, चेहरा थोडा निमुळता, डाग गायब. गिऱ्हाईक हसत बाहेर गेलं पाहिजे, असं मामा म्हणतात."

"मी हसतेय का?"

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच. एरवी तो पडद्याकडे बघत होता.

"नाही," तो म्हणाला आणि मूळ फोटो उघडला.

मी रक्त तपासते. रोज सकाळी माणसं माझ्याकडे नळ्यांमधून येतात, प्रत्येकीवर चिकटपट्टी, प्रत्येकीवर नाव. कोण गोरं, कोण जाड, कोणाला कसलं नाक, मला त्याच्याशी देणंघेणं नसतं. त्यामुळे दिसण्याच्या बाबतीत आपण फार वरच्या पायरीवर उभ्या आहोत अशी माझी समजूत होती. पण मूळ फोटो पडद्यावर आला आणि मी पटकन म्हणाले, "आता तो भलत्याच बाजूला लावलात!"

"हात लावा बरं तिळाला."

मी डाव्या गालाला हात लावला. फोटोतल्या बाईचा तीळही तिच्या डाव्या गालावरच होता. तो हसू दाबत होता, ते मला दिसलं.

"तुम्ही स्वतःला आरशात बघता, उलटं. सवय त्याचीच. आम्ही तुम्हाला इकडून बघतो. म्हणून स्वतःचा फोटो सगळ्यांना जरा वाकडाच वाटतो... तुमचं काही चुकलेलं नाही."

"तीळ जागेवर ठेवा," मी म्हणाले, कारण दुसरं काही सुचेना.

पैसे देताना काउंटरच्या काचेखाली मला आमच्या खारूच्या शाळेच्या ओळखपत्राचा नमुना दिसला. तेव्हा माझं डोकं भलतीकडेच चालायला लागलं.

खारू म्हणजे माझी धाकटी बहीण. वय सोळा. लहानपणी दोन्ही गालांत खाऊ भरून घरभर फिरायची, म्हणून बाबांनी खारूताई नाव ठेवलं आणि ते चिकटलं. शाळेच्या पोहण्याच्या रिले शर्यतीसाठी चौघींचा संघ होता, त्यात ती शेवटची; म्हणजे आधीच्या तिघींनी जे काही गमावलं असेल ते भरून काढणारी. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ती पाण्यातून बाहेर आली की घरातला फ्रिज रिकामा व्हायचा.

शाळेचं नवीन ओळखपत्र आलं तेव्हा ती ते हातात घेऊन बराच वेळ बसली होती. "ताई, मी अशी दिसते?" आईनं आणि मी एका सुरात "हो मग!" म्हटलं. आम्ही नीट बघितलंच नव्हतं. तिनं त्या फोटोचा फोटो काढून प्रोफाइलला लावला, आणि आजवर तिला कधी मिळाले नव्हते इतके लाइक संध्याकाळच्या आत पडले. 'ही तू आहेस??' 'केवढी गोड!' दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचा साधा सेल्फी टाकला. त्याला त्याच्या निम्मेही नाहीत. तिनं तो तासाभरात काढून टाकला.

तिथून ते सुरू झालं. प्रत्येक फोटो त्या एका फोटोशी तोलायचा आणि प्रत्येक वेळी हरायचं. मग गाल आत घेऊन काढायचे, मग ॲपमधून ओढून-ताणून लहान करायचे, मग टाकल्यावर दर दोन मिनिटांनी फोन उघडून बघायचं. त्यातच कोणीतरी संघाचा व्हिडिओ शाळेच्या पानावर चढवला, पोहण्याच्या पोशाखातला, आणि खाली एका मुलानं लिहिलं, 'चौथी बुडायची नाही, हवा भरलीये.' सरांनी ते काढायला लावलं. पण त्याखाली हसणारे चेहरे किती पडले होते ते खारूला पाठ होतं.

ती जेवताना 'शाळेत खाल्लं' म्हणायला लागली. शाळेत 'घरून खाऊन आले'. तिला चक्कर आली तेव्हा मी तिचं रक्त काढलं आणि तिची नळी मीच मशीनला लावली. हिमोग्लोबिन इतकं खाली होतं की मला आकडा दुसऱ्यांदा तपासावा लागला. इतर नळ्यांच्या रांगेत तिची नळी उभी होती, तिच्या नावाची. मी खाली बसले. मला फार भीती वाटली, एवढंच सांगते.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तीन महिन्यांवर संघाची मोठी शर्यत होती. खारूनं सरांना सांगून टाकलं होतं की चौथी दुसरी शोधा.

तर, माझा फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खारूचं ओळखपत्र घेऊन त्या स्टुडिओत गेले आणि ते काउंटरवर ठेवलं.

"तीळ राहिला का अजून?" तो हसत म्हणाला.

"ही माझी बहीण. हिचा मूळ फोटो दाखवा."

त्यानं काढला. गोल गाल, किंचित फताडं नाक, एक भुवई वर गेलेली... आमची खारू. शेजारी ओळखपत्रावरची ती मुलगी. मी त्याला सगळं सांगितलं. लाइक, चक्कर, आकडा, शर्यत. आवाज न चढवता सांगितलं. रिपोर्ट वाचून दाखवावा तसा. तो ऐकता ऐकता खुर्चीत बसला.

"शाळेच्या सगळ्याच मुलींना ते बटण दाबलं मी," तो म्हणाला. "एकगठ्ठा. मुलांना नाही, मुलींनाच. वाटलं, खूश होतील पोरी."

"झाली होती ना. एक दिवस."

तो म्हणाला, "तिला इथे आणाल? मी तिला दाखवतो हे सगळं कसं करतात. एकदा कळलं की भूत उतरेल तिचं."

मला पटलं. मलाही असंच वाटत होतं की पोरीला फक्त माहिती कमी पडतेय.

खारू आली. टोपी घालून, अंग चोरून. त्याला म्हणाली, "नमस्कार काका."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "काका? अगं, अठ्ठावीस आहे मी!"

"बरं, फोटोवाले," खारू म्हणाली आणि मला तिच्या आवाजात जुनी खारू एक क्षणभर ऐकू आली.

त्यानं मन लावून दाखवलं. हातभर अंतरावरून तिचा एक फोटो काढला, मग खोलीच्या त्या टोकाला जाऊन दुसरा. पहिल्यात नाक मोठं, कान मागे पळालेले. दुसऱ्यात सगळं आपापल्या मापात. "कॅमेऱ्याला जे जवळ ते मोठं. सेल्फीत सगळ्यात जवळ काय असतं? नाक. म्हणून सगळ्यांची नाकं सेल्फीत फुगतात." मग फोनवरच्या एका प्रसिद्ध पोरीचा फोटो मोठा केला. "हिची कंबर बघ. आता मागची दाराची चौकट बघ. चौकट का वाकलीय? कंबर आत ओढली, तिच्याबरोबर चौकटही आली."

खारूनं सगळं बघितलं. मग म्हणाली, "मला माहितीये."

"काय?"

"हे सगळं. आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीये. मी स्वतःच करते की. चौकट सरळ कशी ठेवायची तेही येतं मला." तिनं टोपी खाली ओढली. "खोटं आहे हे माहीत असतं... तरी बघितलं की वाईट वाटतंच. माहीत असून वाईट वाटतं म्हणून अजूनच मूर्ख वाटतं."

दोन्ही शहाणी माणसं तोंडघशी पडली होती. मला त्या वेळी त्याचं काय आवडलं सांगू? तो म्हणाला नाही की 'अगं पण'. तो म्हणाला, "मग माझं चुकलं. मला वाटलं होतं कळलं की संपतं."

आणि त्यानं आपला फोन तिच्यापुढे ठेवला. "हे बघ माझ्याकडे काय काय येतं."

कॅमेरे, लेन्स आणि पाणमांजरं. पाणमांजरं पाठीवर तरंगतायत, पाणमांजरं शिंपले फोडतायत.

"पाणमांजरं?" मी म्हणाले.

"एकदा एकावर थांबलो होतो. तेव्हापासून पिच्छा सोडत नाहीत."

खारूनं तिचा उघडला. सपाट पोटं, गाल बारीक करायचे व्यायाम, 'दिवसभरात मी काय खाते' म्हणणाऱ्या मुली, आरशासमोर एका बाजूला वळून बघणाऱ्या मुली. एकामागून एक. मध्ये एखादी मैत्रीण, एखादं गाणं, परत पोट.

"मी एकालाही लाइक केलेलं नाही," ती म्हणाली. "शपथ."

"लाइक कशाला लागतं? तुझं बोट थांबलं ना. मला का दिसतंय असं म्हणत थांबलीस तरी ॲपला इतकंच कळतं की थांबलीस. आवडून थांबलीस की रडत, ते त्याला कळत नाही आणि त्याला त्याचं काही नाही."

खारूनं फोनवरून बोट उचललं. "म्हणजे मला वाईट वाटतं तेच ते मला जास्त दाखवतं?"

"हो."

"भारीच आहे," ती म्हणाली. आणि रडली. समुपदेशक बाईंकडेही ती तोवर रडली नव्हती.

बाईंनी आम्हाला सरळ सांगितलं. फोन हिसकावून घेऊ नका; तिच्या मैत्रिणीही त्यातच आहेत, पोहण्याच्या गप्पाही त्यातच. काही आठवडे वेळ निम्म्यावर आणा, सगळ्या घरानं. लाइकचे आकडे लपवता येतात, ते लपवा. नुसतं बोट फिरवत बसण्यापेक्षा मैत्रिणीशी बोललेलं बरं. आणि जेवताना कोणाच्याही वजनाबद्दल कोणीही बोलायचं नाही, स्वतःच्यासुद्धा नाही. आई आरशासमोर 'सुटलेय मी' म्हणायची ते बंद झालं. बाबांनी विचारलं, "मग खारूताई म्हणायचं नाही का?" तर खारू म्हणाली, "ते चालेल. गाल ओढायचे नाहीत." बाबांनी दोन्ही हात मागे बांधले.

फोटोवाल्यानं न विचारता जाहीर केलं की तोही निम्म्यावर येतोय. "मी बटण दाबलं होतं. मग मी का सुटू?"

याचा परिणाम असा की आम्हा दोघांना एकमेकांना मेसेज करायची पंचाईत झाली. दिवसाचा ठरलेला वेळ संपलेला असायचा. मग तो लॅबच्या बाहेर उभा राहायला लागला. "खारूची चौकशी करायला आलो," म्हणायचा. खारूची चौकशी बसथांब्यापर्यंत पुरायची आणि बसथांबा कसा कोण जाणे रोज थोडा लांब जायचा.

एक दिवस तो सकाळी लॅबमध्येच आला. बाही वर केलेली.

"काय तपासायचंय?" मी विचारलं.

"सगळंच."

मी दंडाला पट्टा बांधला. सुई बघितल्यावर त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं, चेहरा पांढराफटक.

"घाबरता?"

"छे... भिंत छान आहे तुमची." मग भिंतीलाच म्हणाला, "यात मनात काय आहे ते येतं का?"

"नाही." मी कापूस दाबला. जरा जास्तच वेळ दाबला असेन. "त्यासाठी तोंडानं सांगावं लागतं."

"मग रिपोर्ट यायला वेळ लागेल," तो म्हणाला आणि उठताना स्टुलाला धडकला. बाहेर रांगेतल्या आजींनी मला विचारलं की मी का हसतेय. मी हसत नव्हते, असं मी त्यांना सांगितलं.

स्टुडिओत मात्र वातावरण तापलं होतं. त्यानं ते बटणच काढून टाकलं होतं. ज्याला हवं त्यानं मागावं, मागितलं तर करू, न विचारता नाही. मामांनी आकांडतांडव केलं. एका आईनं मुलीचे फोटो परत आणून दिले, 'पुटकुळ्या दिसतायत' म्हणून. मामा म्हणाले, "धंदा बुडवायचा घाट घातलास." तो म्हणाला, "मुलीला विचारलंत का तिला चालतायत का?" विचारलं तर मुलगी म्हणाली, चालतायत, खऱ्या आहेत. मामांना हे अजून पचलेलं नाही.

घरी सगळं काही सुरळीत झालं असं समजू नका. एक दिवस खारू पोटभर जेवायची, दुसऱ्या दिवशी ताट पुढे सरकवायची. फोटोवाला आणि ती मिळून प्रत्येक सपाट पोटावर 'हे नको' दाबत बसायचे आणि पोहण्याचे व्हिडिओ शोधून त्यावर मुद्दाम थांबायचे. पोटं हळूहळू विरळ झाली. पाणमांजरं आली. तरी मधूनच एखादी आरशासमोरची मुलगी यायची आणि खारूचा चेहरा उतरायचा. बाई म्हणाल्या, वेळ लागतो, आणि फक्त फोनमुळे झालेलं नाही तर फक्त फोननं जाणारही नाही. गोळ्या चालू होत्या. सरांनी चौथी जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती; ती सरावाला जायला लागली. टॉवेल मात्र अगदी काठापर्यंत गुंडाळलेला.

शर्यतीच्या दिवशी शाळेनं फोटो काढायला त्यालाच बोलावलं होतं. खारूला हे पोहोचल्यावर कळलं.

"मी नाही उतरत," ती म्हणाली. टॉवेल दोन्ही मुठींत धरलेला. "परत पानावर जाईल. परत कोणीतरी लिहील."

मी काही बोलणार तोच त्यानं गळ्यातला कॅमेरा काढून तिच्यापुढे धरला. "झाकण लावून ठेवू?"

तिनं टॉवेल आणखी आवळला.

"लावतो. शाळेला सांगेन बॅटरी संपली. नाहीतर असं कर, मी काढतो आणि एकही फोटो तुला दाखवल्याशिवाय कुठे जाणार नाही. तू नाही म्हणालीस की पुसला. तुझा आहे, माझा नाही."

"चौघींच्याही," खारू म्हणाली. "चौघींना विचारायचं."

"चौघींना विचारतो."

शिट्टी वाजली. पहिलीनं बरं अंतर काढलं, दुसरी मागे पडली, तिसरीनं थोडं भरून काढलं. खारू ठोकळ्यावर उभी होती, टॉवेल अजून अंगावर. माझा जीव नुसता टांगणीला. तिसरीचा हात भिंतीकडे येत होता आणि ही अजून टॉवेलमध्ये... मग तिनं टॉवेल सोडला. कुठे पडला ते बघितलंही नाही. उडी.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. मी शांत बाई आहे. मी ओरडत नाही. असं म्हणतात की मी कठड्यावर चढले होते.

त्या चौघी तिसऱ्या आल्या. पदक सगळ्यात खालचं. खारू पाण्यातून बाहेर आली, धापा टाकत, केस कपाळाला चिकटलेले, आणि ओरडली, "ताई, बघितलंस? दोघींना मागे टाकलं मी! हात बघ, अजून थरथरतोय!" पोट, गाल, कंबर, कशाचंही तिला भान नव्हतं. मग तिनं मी तिच्यासाठी आणलेला डबा उघडला. उकडलेली अंडी, ब्रेड, केळं. सगळं संपवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुझं केळं तू खाणार आहेस का?"

मी नुसती मान हलवून नाही म्हटलं. ती केळं घेऊन मैत्रिणींकडे पळाली आणि मी तिथेच, ओल्या फरशीवर, भर दिवसा रडले. तो शेजारी येऊन उभा राहिला. रुमाल दिला.

थोड्या वेळानं त्यानं कॅमेऱ्याचा पडदा माझ्यापुढे केला. चौघींना दाखवून झालं होतं. एकीनं दोन पुसायला लावले होते, खारूनं एकही नाही. पाण्यातून वर आलेला तिचा हात, उडालेलं पाणी, उघडं तोंड. मी बघत गेले. पुढचे तीन फोटो खारूचे नव्हते.

कठड्यावर एक बाई उभी होती. तोंड कानापर्यंत फाटलेलं, दोन हनुवट्या, नाक लालभडक, केसांचं घरटं.

"अरे देवा! पुस हे!" मी कॅमेऱ्यावर झडप घातली. "काय अवतार आहे हा! पुस आधी!"

आणि मग मी काय म्हणाले ते माझं मलाच ऐकू आलं. इतके महिने मी बहिणीला जे समजावत होते, त्यातलं एक अक्षर माझ्या कामी आलं नव्हतं. आणि त्याला मी 'अरे-तुरे' केलं होतं, तेही तेव्हाच लक्षात आलं.

"पुसतो," तो म्हणाला. "तुझा आहे, तू सांगशील तसं. पण त्याआधी माझा रिपोर्ट ऐक."

"कुठला रिपोर्ट?"

"तोंडानं सांगावं लागतो तो." त्याचे कान लाल झाले होते. "मी दिवसभर चेहरे बघतो. बघतो म्हणजे... काय काढायचं ते शोधतो. सवयच लागली होती. तू आलीस, तीळ कुठाय म्हणून भांडलीस, आणि त्या दिवसापासून मला तुझ्या चेहऱ्यावर काढायचं असं काही सापडतच नाही. या फोटोतसुद्धा नाही. मला तू आवडतेस. या अवतारात जरा जास्तच."

मी पुन्हा त्या फोटोकडे बघितलं. बाई भयंकर दिसत होती. भयंकर खूश दिसत होती.

"तीळ आहे का बघ," मी म्हणाले.

"आहे. जागेवर."

"मग राहू दे," मी म्हणाले आणि त्याचा हात धरला. पाण्याच्या त्या काठावरून खारू ओरडली, "फोटोवाले, आता काका नाही म्हणणार हां! भावोजी म्हणू?"

त्यानं लाजून कॅमेरा डोळ्याला लावला. झाकण लावलेलंच होतं.